काळ्या रानात ओलाव्याचा सेन्सर जुळवून घ्यायचा कसा: रिंग, ओव्हन आणि एक सरळ रेघ

अंबड तालुक्यात माझी मोसंबीची बाग आहे. रान भारी काळं, लागण ६ × ६ मीटरवर, पाणी ड्रीपचं. तीन वर्षांपूर्वी साधे कपॅसिटिव्ह सेन्सर आणून मुळांच्या थरात बसवले आणि मोबाइलवर टक्के दिसायला लागले. पहिल्या वर्षी ५० टक्के दिसले की पाणी सोडायचं असं ठरवलं होतं. बाग दुपारी पानं वळवायची आणि मोबाइल मात्र निम्मा ओलावा शिल्लक असल्याचं सांगायचा. मग माती ओव्हनमध्ये वाळवून ताडून पाहिलं, तेव्हा कळलं की तो ५० टक्के मातीतल्या पाण्याचा आकडाच नव्हता.

हा लेख त्याच कामाबद्दल आहे. तुमचा सेन्सर वेगळा असेल, पीक वेगळं असेल, तरी पद्धत हीच राहील. सगळं मिळून दीड-दोन महिने लागतात, पण त्यातले हाताने कामाचे दिवस सहा-सातच.

१. आधी सेन्सर काय मोजतो ते समजून घ्या

कपॅसिटिव्ह सेन्सरला पाणी दिसत नाही. त्याच्या पात्याभोवतीच्या मातीत वीज किती साठवली जाते, एवढंच त्याला कळतं. पाण्याचा हा गुण ८० च्या घरात असतो, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १. त्यामुळे माती ओली झाली की आकडा ठळकपणे बदलतो. माझ्या बोर्डावर ० ते ४०९५ असा कच्चा आकडा येतो आणि ओल वाढली की तो खाली जातो.

बहुतेक ठिकाणी सांगतात की सेन्सर हवेत धरा, तो शून्य टक्के. पाण्यात बुडवा, तो शंभर टक्के. माझा सेन्सर हवेत ३१८० आणि पाण्यात १३५० दाखवायचा. या दोन टोकांच्या मध्ये पट्टी आखली की मोबाइलवर छान टक्के येतात, पण ही पट्टी हवा आणि बादलीतल्या पाण्यामधली असते. माती कधीच शंभर टक्के पाणी नसते. आमच्या काळ्या मातीत पाणी दिल्यावर वाफशाला आकारमानाच्या ३६ टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं, त्यामुळे पट्टीवरच्या आकड्याचा रानाशी थेट संबंध लागत नाही. तो जोडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच जागची माती काढून, वाळवून, त्यातलं पाणी वजनाने मोजणं.

२. जमवायचं सामान

- लोखंडी किंवा स्टीलची रिंग: आतला व्यास ५ सेंमी, उंची ५.१ सेंमी. हिचं आकारमान जवळजवळ १०० घन सेंमी भरतं. लेथवाल्याकडून पाइपाची करून घ्या, भिंत पातळ ठेवा आणि खालची कड बाहेरच्या बाजूने धारदार करायला सांगा. आतून धार काढली तर माती दाबली जाते.
- झाकणाच्या अॅल्युमिनियमच्या डब्या, १२ ते १५.
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा.
- १०५ अंश सेल्सिअस धरून ठेवणारा ओव्हन. माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी महाविद्यालयात असतो. घरचा ओटीजी वापरणार असाल तर आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण बटणावरचे अंश आणि आतले अंश यांत बराच फरक पडू शकतो.
- हातोडी, लाकडी ठोकळा, खुरपं, लांब पात्याची सुरी, चिकटपट्टी.
- एक वही. रकाने असे: तारीख, वेळ, सेन्सर क्रमांक, कच्चा आकडा, डबी क्रमांक, रिकामी डबी, ओली, वाळलेली, शेरा.

डब्यांवर मार्करने नंबर लिहू नका. ओव्हनमधून बाहेर येईपर्यंत तो फिकटतो, आणि कागदी चिठ्ठी करपते. खिळ्याने कोरा, डबीवर आणि झाकणावर एकच नंबर. दोन झाकणं एकदा अदलाबदल झाली की त्या दिवशीचे दोन्ही नमुने वाया जातात.

३. वेळ निवडा

नुसत्या ओल्या मातीवर सेन्सर जुळवला तर रेघ ओल्या टोकाला टेकते आणि कोरड्या बाजूला ती फक्त अंदाज असते. आपल्याला निर्णय घ्यायचा असतो तो नेमका मधल्या आणि कोरड्या भागात. म्हणून ओल्यापासून कोरड्यापर्यंत माती सावकाश उतरेल असा काळ हवा.

मोसंबीला तो आयता मिळतो. आंबे बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून भारी जमिनीत दोन महिन्यांच्या आसपास ताण देतात. मी ताणाच्या आधी भरपूर पाणी दिलं, तीन दिवस थांबून पहिला नमुना घेतला आणि मग साधारण दर दहा दिवसांनी एक असे एकूण सहा दिवस केले. तुमच्याकडे ताणाचं पीक नसेल तर बागेतल्या एका कोपऱ्यात दोन ड्रीपर बंद करा आणि तेवढा तुकडा वाळू द्या.

विद्राव्य खत सोडल्यावर किमान दोन दिवस नमुना घेऊ नका. क्षार वाढले की या सेन्सरला ओल वाढल्यासारखी वाटते. वाचन दर वेळी एकाच सुमाराला घ्या. मी सकाळी सात ते आठमध्ये घेतो, कारण तापमानानेही आकडा सरकतो.

४. सेन्सर बसवा, आणि भेगेपासून दूर

पात्याच्या वरच्या टोकाचे इलेक्ट्रॉनिक भाग आणि पात्याच्या कडा इपॉक्सीने आधी बंद करा. हे जुळवणीच्या आधीच करायचं. नंतर थर चढवला तर आकडा बदलतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

ड्रीपरपासून २५ ते ३० सेंमीवर छोटा खड्डा घ्या. २० सेंमी खोलीला खड्ड्याच्या भिंतीत, न हललेल्या मातीत, पातं आडवं खुपसा. पात्याची सपाट बाजू उभी असू द्या, म्हणजे त्याच्यावर पाणी साचत नाही. मातीचा रबडा करून सेन्सर त्यात रोवायचा सल्ला काही जण देतात. काळ्या मातीत तो टाळा. रबडा वाळताना आकसतो आणि पात्याभोवती पोकळी सोडतो.

पोकळी राहिली की काय होतं ते ओळखता येतं. पाणी सोडल्यावर आकडा काही मिनिटांतच एकदम तळाला जातो, कारण फटीतून पाणी थेट पात्यापर्यंत येतं, आणि पाणी बंद केल्यावर तेवढ्याच झपाट्याने वर उडतो. घट्ट बसलेला सेन्सर सावकाश उतरतो आणि सावकाश चढतो. असा उड्या मारणारा सेन्सर जुळवत बसू नका. काढा आणि हातभर बाजूला पुन्हा बसवा.

५. नमुना काढा

हे काम शांतपणे करा. सगळ्या चुका इथेच होतात.

आधी कच्चा आकडा वहीत लिहा. दहा-दहा सेकंदांनी पाच वाचनं घेऊन मधला आकडा धरा. मग सेन्सरपासून साधारण २० सेंमीवर, पण ड्रीपरपासून तेवढ्याच अंतरावर, खड्डा घ्या. ड्रीपरखाली ओलीचा गोळा असतो. त्याच्या मध्याजवळची माती आणि कडेची माती यांत मोठा फरक असतो, म्हणून ड्रीपरपासूनचं अंतर चुकवू नका.

साधारण १७-१८ सेंमीवर तळ सपाट करा. रिंग धारेची बाजू खाली करून ठेवा, वर लाकडी ठोकळा ठेवा आणि हातोडीचे सरळ, हलके ठोके द्या. रिंग भरून काठोकाठ आली की थांबा. त्याहून खाली ठोकली तर आतली माती दबते. बाजूची माती खुरप्याने मोकळी करून रिंग खालून उचला आणि दोन्ही तोंडं सुरीने सपाट कापा. ओल्या काळ्या मातीत सुरीने माती लिंपली जाते, तेव्हा थोडं थोडं छाटत जा.

कापताना नीट पाहा. अंगठ्याएवढा चुनखडीचा खडा, जाड मूळ किंवा आरपार भेग दिसली तर तो नमुना टाका आणि शेजारी दुसरा घ्या. आमच्याकडे खडे सर्रास निघतात, आणि एक मोठा खडा रिंगमधल्या मातीची जागा खातो.

सगळी माती डबीत घाला, झाकण लावा, चिकटपट्टी फिरवा, सावलीत ठेवा. दर वेळी दोन रिंगा घ्यायच्या, ड्रीपरच्या दोन बाजूंना. तासाभरात घरी येऊन चिकटपट्टी काढून झाकणासकट वजन करा. झाकणाच्या आत जमलेले थेंब हेही मातीतलंच पाणी असतं, ते पुसू नका. प्लास्टिकच्या पिशवीत माती आणली तर थेंब पिशवीलाच चिकटून राहतात.

पहिल्यांदा नमुना काढत होतो तेव्हा काका बांधावर उभे होते. छाटलेली माती त्यांनी हातात घेतली, मुठीत दाबली, लाडू झाला. मग अंगठ्याने चेपून त्याची पट्टी काढली. म्हणाले, “अजून आहे पाणी.” त्या दिवसापासून मी शेऱ्याच्या रकान्यात काकांचा लाडूही लिहितो: वळला, तडकला, की वळलाच नाही. काट्याचा आकडा आणि हात यांत फारच अंतर दिसलं तर पुन्हा वजन करायचं, हा आमचा नियम झाला.

६. वाळवा

झाकण डबीच्या खाली ठेवून डब्या १०५ अंशांवर २४ तास ठेवा. वीज गेली तर घड्याळावर विसंबू नका. डबी काढून वजन करा, पुन्हा दोन तास ठेवा, पुन्हा वजन करा. ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडत नसेल तर माती वाळली. चिकण माती पाणी घट्ट धरून ठेवते, मोठी ढेकळं आतून ओलसर राहतात. ओली असतानाच डबीत ती हाताने थोडी मोडून पसरून ठेवा, पण त्याआधी ओलं वजन झालेलं असू द्या. हाताला चिकटलेली मातीसुद्धा वजनातून कमी होते, ती डबीतच झटका.

गरम डबी काट्यावर ठेवू नका. गरम हवा वर उठते आणि काटा कमी दाखवतो. उघडी ठेवून थंड केली तर वाळलेली चिकण माती हवेतली ओल ओढून घेते. झाकण लावा, डबी घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत थंड होऊ द्या, मग वजन करा.

७. हिशेब

माझ्या पहिल्या दिवसाची ७ नंबरची डबी घ्या. रिकामी डबी ४२.६ ग्रॅम, ओल्या मातीसकट २०५.९, वाळल्यावर १६९.८.

पाणी = २०५.९ − १६९.८ = ३६.१ ग्रॅम. वाळलेली माती = १६९.८ − ४२.६ = १२७.२ ग्रॅम.

वजनावरचा ओलावा काढताना पाण्याला *वाळलेल्या* मातीने भागायचं: ३६.१ ÷ १२७.२ = २८.४ टक्के. ओल्या मातीने भागलं तर २२.१ येतं, आणि ही चूक फार जण करतात.

पाण्याच्या निर्णयाला मात्र आकारमानावरचा ओलावा लागतो. रिंग १०० घन सेंमीची आहे आणि एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंमी. त्यामुळे ३६.१ ग्रॅम पाणी म्हणजे सरळ ३६.१ टक्के. रिंग १०० ची करून घ्यायची ती या सोयीसाठी. तुमची रिंग ९६ ची निघाली तर पाण्याला ९६ ने भागून १०० ने गुणा.

इथे काळ्या मातीची एक खास गोष्ट आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे तेवढ्याच जागेत मावणारी माती दर वेळी वेगळी असते. एकदा घनता काढायची आणि नंतर गिरमिटाने काढलेल्या मातीला तीच लावत राहायची, ही पद्धत मुरमाड रानात चालून जाते, काळ्या रानात चुकवते. म्हणून दर वेळी रिंगच. फार वाळल्यावर रिंग शिरत नाही, माती फुटते. तिथे थांबा आणि तो टप्पा रेघेच्या बाहेर माना.

८. रेघ काढा

दोन रिंगांची सरासरी धरून माझे सहा दिवस असे निघाले:

| कच्चा आकडा | ओलावा, टक्के (आकारमान) |
|---|---|
| १७२० | ३६.१ |
| १८३० | ३५.६ |
| १९६० | २९.४ |
| २१४० | २८.३ |
| २२९० | २२.७ |
| २५१० | २०.४ |

स्प्रेडशीटमध्ये कच्चे आकडे B रकान्यात आणि ओलावा C रकान्यात भरा, मग:

```
=SLOPE(C2:C7,B2:B7)
=INTERCEPT(C2:C7,B2:B7)
```

मला उतार −०.०२१२४ आणि छेद ७२.८३ मिळाला. बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये ओळ अशी:

```
float olava = 72.83 - 0.02124 * raw;
```

आता प्रत्येक जोडी रेघेवर ठेवून फरक पाहा. १९६० ला रेघ ३१.२ सांगते, ओव्हनने २९.४ दिलं, म्हणजे १.८ ची तूट. बाकीचे फरक याहून कमी आहेत आणि सरासरी चूक १.३ टक्क्यांच्या आसपास बसते. एखादा बिंदू चार-पाच टक्क्यांनी बाहेर गेला तर तो लगेच खोडू नका. वहीतला शेरा वाचा, डबीचं वजन पुन्हा पाहा, दोन रिंगा एकमेकींपासून किती लांब होत्या ते बघा. कारण सापडलं तरच खोडा. सगळे बिंदू मिळून वाकडी रेघ दाखवत असतील तर सरळ रेघेचा हट्ट धरू नका, वक्र बसवा.

मग ताण तोडून पाणी दिल्यावर एक-दोन नमुने फक्त तपासणीसाठी घ्या, रेघेत मिसळू नका. मातीची वाळतानाची आणि भिजतानाची चाल थोडी वेगळी असते. माझ्याकडे १८८५ आकड्याला रेघेने ३२.८ सांगितलं, रिंगने ३१.५. एवढा फरक मला मान्य आहे.

९. आता पाण्याचा निर्णय

दोन आकडे लागतात. वरचा म्हणजे वाफशाला माती धरून ठेवते तो ओलावा. भरपूर पाणी द्या, बाष्पीभवन होऊ नये म्हणून प्लास्टिक झाका, भारी रानात दोन-तीन दिवस थांबा आणि रिंग घ्या. माझा ३६ आला. खालचा म्हणजे झाड कायमचं कोमेजतं तो. तो प्रयोगशाळेतून काढून घ्यावा लागतो. माझ्या मातीचा १९ आला.

मधलं १७ टक्के पाणी झाडाला मिळण्याजोगं. लिंबूवर्गीय फळझाडांना त्यातलं निम्मं संपेपर्यंत चालतं असं धरतात. म्हणजे ३६ − ८.५ = २७.५ टक्क्यांना पाणी सुरू करायचं. रेघेवरून हा कच्चा आकडा २१३४ येतो.

आता हाच आकडा जुन्या हवा-पाण्याच्या पट्टीवर ठेवून पाहा: ५७ टक्के. मी ५० ची वाट पाहत होतो, म्हणजे कच्चा २२६५, म्हणजे खरा ओलावा २४.७. तोपर्यंत मिळण्याजोग्या पाण्यातलं दोन तृतीयांश संपलेलं असायचं. बाग पानं का वळवत होती ते इथे कळलं.

किती पाणी? ८.५ टक्के × ३०० मिमी खोली = २५.५ मिमी, म्हणजे दर चौरस मीटर ओल्या जागेला २५.५ लिटर. माझ्या झाडाखाली ८ चौरस मीटर भिजतं, म्हणून झाडाला सुमारे २०० लिटर. रेघेतली १.३ टक्क्यांची चूक इथे झाडामागे ३० लिटरच्या आसपास पडते. भारी रानात जास्तीच्या बाजूला चुकणं मला नको असतं. पाणी साचलं की मोसंबीची मुळं कुजतात आणि खोडाला डिंक्या लागतो. म्हणून मी १८० लिटर देतो आणि दोन दिवसांनी आकडा पाहतो.

१०. ही रेघ कुठवर चालते

ती त्या सेन्सरची, त्या खोलीची आणि त्या मातीची आहे. एकाच खोक्यातले दोन सेन्सरही सारखे निघत नाहीत. दुसरा बसवण्याआधी तो हवेत आणि पाण्यात धरून पहिल्याशी ताडा, आणि जागेवर किमान दोन नमुने घ्या, एक ओला आणि एक कोरडा. बांधाकडे माती मुरमाड होत असेल तर तिथे रेघ नवी काढावी लागते.

बॅटरी उतरली की कच्चा आकडा सरकतो, म्हणून बोर्डाला स्थिर ३.३ व्होल्ट मिळतोय ना ते आधी पाहा. पावसाळा संपल्यावर दर वर्षी वाफशाला एक रिंग घेऊन तपासा. फरक तीन टक्क्यांच्या आत असेल तर रेघ तशीच ठेवा. त्याहून जास्त आला तर आधी खड्डा उकरून पात्याभोवती भेग पडली आहे का ते बघा. माझ्याकडे दोन्ही वेळा भेगच निघाली.